थ्री-ए, थ्री, थ्री-प्लस: जॅकेटवरची लेव्हल कशी वाचायची

प्रश्न: भोसरीत आमची छोटी सिक्युरिटी एजन्सी आहे. कॅश व्हॅनवरच्या सहा गार्डसाठी बुलेटप्रूफ जॅकेट घ्यायची आहेत. एक जण थ्री-ए देतोय, दुसरा लेव्हल थ्री, तिसरा म्हणतो थ्री-प्लस घ्या, वरची लेव्हल म्हणजे सगळंच अडतं, कोयतासुद्धा. खरं काय समजायचं?

उत्तर:

माझ्या टेबलाच्या खणात एक दाभण असतं. मार्केट यार्डात पोती शिवायला वापरतात तसलंच, लाकडी मुठीचं. जॅकेट घ्यायला कुणी आलं आणि "सगळंच अडतं ना?" असं विचारलं, की मी थ्री-ए लेव्हलचं एक जुनं पॅनेल काढतो, त्यात रुतलेली गोळी दाखवतो आणि त्याच पॅनेलमध्ये हाताने दाभण खुपसतो. जरा जोर लावला की ते पलीकडे निघतं. समोरचा माणूस मग गप्प बसतो आणि आमचं खरं बोलणं तिथून सुरू होतं.

गोळी अडली आणि दाभण गेलं, याचं कारण सोपं आहे. सॉफ्ट जॅकेटमध्ये अरामिडच्या धाग्यांचे (केव्हलार हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव) वीस-तीस थर एकावर एक असतात. पिस्तुलाची गोळी शिशाची, बोथट नाकाची असते. थरावर आदळली की ती एकाच वेळी बऱ्याच धाग्यांना ताणते. ते धागे तो झटका आजूबाजूला लांबवर पसरवतात आणि गोळी स्वतः अळंबीसारखी चपटी होते. चपटी झाली की आणखी धागे तिच्या वाटेत येतात. दाभणाचं टोक धाग्यांना ताणतच नाही, दोन धाग्यांना बाजूला सारून मधून जातं. गोळीपुढे जी ताकद लागते ती इथे कामालाच येत नाही.

त्यामुळे लेव्हलकडे जिन्यासारखं बघू नका, की वरच्या पायरीवर उभं राहिलं म्हणजे खालच्या सगळ्या आपोआप आल्या. लेव्हल म्हणजे झालेल्या एका परीक्षेची नोंद आहे. कोणती गोळी, किती ग्रॅमची, किती वेगाने, किती वेळा मारली, आणि मागे काय झालं. त्या पेपरात जे विचारलं नव्हतं त्याबद्दल लेव्हल काहीच सांगत नाही.

तुम्हाला जी नावं सांगितली गेली ती अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस या सरकारी संस्थेची, म्हणजे आपल्या बाजारात ज्याला एनआयजे म्हणतात तिची. त्यांचं २००८ चं मानक गेली पंधरा-सोळा वर्षं जगभर चाललं आणि आपल्याकडच्या बहुतेक लेबलांवर अजून तेच दिसतं. त्यात टू-ए, टू आणि थ्री-ए ही पिस्तुलाच्या गोळ्यांसाठीची सॉफ्ट जॅकेटं, थ्री आणि फोर या रायफलच्या गोळ्यांसाठीच्या कडक प्लेट. थ्री-ए आणि थ्री ही नावं शेजारी-शेजारी वाटतात, पण त्यांच्यात दरी आहे. थ्री-ए ला मारलेली जड गोळी .४४ मॅग्नमची, १५.६ ग्रॅमची, सेकंदाला ४३६ मीटर वेगाची. तिची ऊर्जा होते साधारण १,४८० ज्यूल. थ्री ला मारतात ती ७.६२ नाटो रायफलची एम-८० गोळी, ९.६ ग्रॅम आणि सेकंदाला ८४७ मीटर. तिची ऊर्जा सुमारे ३,४४० ज्यूल. म्हणजे गोळी हलकी, पण वेग जवळजवळ दुप्पट आणि मार दुपटीहून जास्त. थ्री-ए च्या कापडी पॅनेलमधून रायफलची गोळी अगदी आरामात जाते. नावातल्या त्या एका अक्षरावर किती विक्रेते पोट भरतात ते मी बघितलंय.

इथवर तरी वर-खाली असा काही क्रम आहे. आता थ्री-प्लसची गंमत बघा, कारण हा क्रम तिथे मोडतो.

समजा तुमच्यापुढे लेव्हल थ्री च्या दोन प्लेट ठेवल्या. एक पोलादी, एक पॉलिथिलीनची. दुसरीचं प्लास्टिक पिशवीच्याच कुळातलं, पण तिचे धागे प्रचंड ताणलेले असतात आणि शेकडो थर उष्णतेने दाबून पाटासारखे केलेले असतात. दोन्ही प्लेटवर एम-८० च्या गोळ्या मारल्या, दोन्हींनी अडवल्या, दोन्हींना लेव्हल थ्री मिळाली. दोन्ही प्रमाणपत्रं खरी आहेत.

आता पोलादी प्लेटवर ५.५६ मिलिमीटरच्या रायफलची एम-१९३ गोळी मारू. ही जेमतेम साडेतीन ग्रॅमची. वेग सेकंदाला ९९० मीटर. ऊर्जेचा हिशेब केला तर एम-८० च्या जवळपास निम्मी. कुणीही म्हणेल, मोठी अडली तर लहान अडणारच. पण ती आरपार जाते. पोलाद चांगलं असलं तरी एवढ्या वेगाची बारीक गोळी त्याला वाकायला वेळच देत नाही. ज्या जागी आदळते तिथली टिकली कापून पुढे ढकलते, पंचिंग मशीनवर पत्र्यातून चकती पडते तशी. एम-८० जाड आणि त्या मानाने सावकाश, ती पोलादावर आपटून स्वतःच फुटते.

मग पॉलिथिलीनची प्लेट घ्या. एम-१९३ ती सहसा अडवते, कारण गोळीत नुसतं शिसं आहे आणि ते धाग्यांवर पसरतं. पण त्याच ५.५६ ची एम-८५५ गोळी मारली, जिच्या टोकाशी पोलादाचा छोटा तुकडा असतो, की निव्वळ पॉलिथिलीनच्या बऱ्याच प्लेट हार मानतात. तो तुकडा पसरत नाही, टोकदारच राहतो आणि धागे कापत जातो. आणि गंमत म्हणजे या गोळीचा वेग थोडा कमी असल्यामुळे चांगली पोलादी प्लेट तिला अनेकदा अडवते.

म्हणजे एकाच लेव्हलच्या दोन प्लेट दोन वेगवेगळ्या गोळ्यांना हरल्या, आणि ज्या गोळीला त्या जिंकल्या ती त्या दोघींपेक्षा ताकदीने मोठी होती. जुन्या पेपरात थ्री साठी एकच प्रश्न होता, एम-८०. बाकीच्यांबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. ही फट बुजवायला कंपन्यांनी आपापल्या मनाने थ्री-प्लस हे नाव काढलं. एनआयजेच्या मानकात थ्री-प्लस नावाची लेव्हल कधीच नव्हती. एकाचं प्लस म्हणजे एम-१९३, दुसऱ्याचं प्लस म्हणजे एम-८५५, तिसऱ्याचं म्हणजे नुसता चढा भाव. म्हणून थ्री-प्लस ऐकलं की एकच प्रश्न विचारा: प्लसमध्ये कोणती गोळी, किती वेगाने? उत्तर एका वाक्यात आलं तर माणसाला माल कळतो.

२०२३ च्या अखेरीस एनआयजेने नवं मानक काढलं आणि ही नावं बदलली. पिस्तुलासाठी एचजी-१ आणि एचजी-२, म्हणजे ढोबळमानाने जुन्या टू आणि थ्री-ए. रायफलसाठी आरएफ-१, आरएफ-२, आरएफ-३. आरएफ-१ मध्ये आता एम-८० बरोबर एम-१९३ आणि एके-४७ ची ७.६२ बाय ३९ ची गोळीसुद्धा मारावी लागते. आरएफ-२ मध्ये तेच सगळं आणि वर एम-८५५. आरएफ-३ म्हणजे जुनी फोर, चिलखतभेदी गोळीसाठीची. थ्री-प्लसच्या नावाखाली जो गोंधळ होता तो या दोन ओळींत निस्तरला. पण जुना माल बाजारात आहे आणि राहील, त्यामुळे दोन्ही भाषा यायला हव्यात.

आपल्याकडे आणखी एक फाटा आहे. भारतीय मानक ब्यूरोचं २०१८ चं आयएस १७०५१ हे बुलेटरोधक जॅकेटांचं स्वतःचं मानक आहे आणि त्याच्या लेव्हल एक ते सहा अशा आकड्यांत आहेत. डीआरडीओच्या कानपूरच्या प्रयोगशाळेने २०२४ मध्ये जे हलकं जॅकेट जाहीर केलं ते याच मानकाच्या लेव्हल सहाचं, ७.६२ बाय ५४ आर या स्नायपर रायफलच्या चिलखतभेदी गोळीसाठीचं. हे आकडे एनआयजेच्या आकड्यांशी जुळवू नका. त्यात भर म्हणजे चाकूच्या चाचणीच्या लेव्हलही एक, दोन, तीन अशाच असतात. म्हणजे फोनवर कुणी "साहेब, लेव्हल थ्री आहे" म्हणालं तर त्याचे तीन वेगळे अर्थ निघतात, आणि त्यातल्या एकात तर गोळीचा संबंधच नाही.

आता कोयत्याकडे येऊ. पुण्यात हा प्रश्न मला गोळीपेक्षा जास्त वेळा विचारला जातो, आणि तो बरोबरच आहे.

धारदार शस्त्रासाठी एनआयजेचं वेगळं मानक आहे. त्यात ठरावीक आकाराचं पातं किंवा टोकदार सळई एका वजनाला बसवून नळीतून पॅनेलवर पाडतात. लेव्हल एकला २४ ज्यूल, दोनला ३३, तीनला ४३. पातं पलीकडे जास्तीत जास्त ७ मिलिमीटर निघालेलं चालतं, कारण छातीच्या कातडीखाली आतले अवयव साधारण त्याहून खोल असतात. मग दीडपट ऊर्जेने पुन्हा पाडतात आणि तेव्हा २० मिलिमीटरपर्यंत सूट असते. हा सगळा हिशेब भोसकण्याचा आहे. कोयता भोसकत नाही, तो वरून उतरतो आणि कापतो. अरामिडचं जाड पॅनेल कापण्याला चांगलंच तोंड देतं, त्यामुळे जॅकेटवर बसलेला कोयत्याचा वार सहसा कापडात अडकतो. पण कोयत्याचे वार जॅकेटवर बसतात कुठे? माणूस हात वर करतो, वार मनगटावर, खांद्यावर, मानेवर, डोक्यावर येतो. तिथे जॅकेट नाहीच. "कोयता अडतो" हे विक्रेत्याचं वाक्य त्या अर्थाने खोटं नाही, फक्त गार्डच्या उपयोगाचं नाही. चाकू मात्र पोटात आणि बरगडीत येतो, आणि साधं थ्री-ए तिथे उघडं पडतं.

यावर उपाय म्हणून दोन्ही चाचण्या पास झालेली पॅनेल मिळतात. त्यांत अरामिडची वीण खूप घट्ट असते किंवा थरांवर राळ चढवलेली असते, म्हणजे पात्याच्या टोकाला धागे बाजूला सारता येत नाहीत. ती थोडी जड आणि बरीच ताठ असतात. अशा जॅकेटच्या लेबलवर गोळीची लेव्हल आणि पात्याची लेव्हल वेगवेगळी छापलेली असते. एकच छापली असेल तर एकाच चाचणीचा माल आहे असं समजा.

आता तुमच्या सहा गार्डचा हिशेब मांडू. व्हॅनवर काय येऊ शकतं? रस्त्यावरच्या लुटीत चाकू, कोयता आणि गावठी पिस्तूल. गावठी पिस्तुलात बहुतेक वेळा ७.६५ किंवा ९ मिलिमीटरचं काडतूस असतं. ७.६५ ची गोळी थ्री-ए च्या मानाने फारच हलकी. ९ मिलिमीटरचंही तसंच. पण उत्तरेकडून येणारे काही कट्टे .३१५ चं काडतूस उडवतात आणि ते मुळात रायफलचं आहे. नळी आखूड असल्याने वेग पडतो हे खरं, पण थ्री-ए च्या पेपरात तो प्रश्नच नाही, त्यामुळे त्या लेबलच्या भरवशावर मी कुणाला उभं करणार नाही. तुमच्याच गार्डच्या हातातल्या बारा बोअरच्या बंदुकीचंही तेच: झटापटीत ती हिसकावली गेली तर काय, याचं उत्तर एनआयजेच्या लेव्हलमध्ये नाही. ते हवं असेल तर विक्रेत्याकडून त्या काडतुसाचा वेगळा चाचणी अहवाल मागावा लागतो, आणि चांगले उत्पादक असा अहवाल देतात.

लक्षात घ्या, लेव्हल बंदुकीच्या नावावर ठरत नाही, वेगावर ठरते. तेच ९ मिलिमीटरचं काडतूस पिस्तुलातून आणि लांब नळीच्या कार्बाइनमधून उडवलं तर कार्बाइनची गोळी चांगलीच जोरात येते. म्हणूनच अहवालात "नऊ एमएम पास" एवढंच लिहिलेलं असेल तर तो कागद परत करा. प्रत्येक फैरीचा मोजलेला वेग तिथे हवा. एनआयजेच्या २००८ च्या चाचणीत ठरलेल्या वेगापासून सेकंदाला साधारण ९ मीटर इकडे-तिकडे एवढीच सूट आहे.

अहवालात दुसरा रकाना बघा, मागच्या खड्ड्याच्या खोलीचा. नवख्या माणसाला हा रकाना दिसतच नाही. गोळी अडली तरी पॅनेल मागे फुगतं आणि तो बुक्का छातीला बसतो. तो मोजायला पॅनेल तेलकट मातीच्या खोक्यावर बांधतात. ही माती मूर्तिकारांच्या कामाची, रोमा प्लास्टिलिना नावाची. ती कोमट करतात आणि आधी तिचीच परीक्षा होते: साधारण किलोभर वजनाचा पोलादी गोळा दोन मीटरवरून सोडला की सरासरी १९ मिलिमीटरचा खड्डा पडला पाहिजे. मग फैर झाडतात. पॅनेल उचललं की मातीत वाटीएवढा गुळगुळीत खड्डा दिसतो. त्याची मर्यादा ४४ मिलिमीटर. मी पहिल्यांदा तो खड्डा बोटाने चाचपला तेव्हा अंगठ्याच्या दोन पेरांपेक्षा खोल वाटला होता, आणि तो पास होता. ४४ मिलिमीटर म्हणजे गार्ड दुसऱ्या दिवशी कामावर येईल असं नाही. बरगडी मोडू शकते. माणूस वाचण्याची शक्यता चांगली आहे, एवढंच.

काही वर्षांपूर्वी एका एजन्सीचे मालक चार जॅकेटं घेऊन आले होते. लेबल थ्री-ए चं, दिसायला झकास. पॅनेल बाहेर काढलं तर आतल्या प्लॅस्टिकच्या सीलबंद पिशवीला काखेच्या बाजूला चीर गेलेली आणि कापड दमट. पावसाळाभर जॅकेट व्हॅनच्या मागच्या सीटखाली पडून होती. अरामिड ओलं झालं की धागे एकमेकांवर घसरायला लागतात आणि गोळीला लागणारी पकड ढिली होते. म्हणून तर ती पिशवी असते, आणि म्हणून तर चाचणीत नवी पॅनेल अर्धा तास पाण्यात बुडवून मग गोळी मारतात. आम्ही त्यातलं एक पॅनेल वाळवून चाचणीला पाठवलं. गोळ्या अडल्या, पण दोन खड्डे मर्यादेबाहेर गेले. पुन्हा लेबल बघितलं तर त्यावर उत्पादनाची तारीखच नव्हती. लेव्हल छापलेली होती, आणि त्या लेव्हलला मुदत असते हे सांगणारी ओळ गायब.

मुदतीचं प्रकरण हवेतलं नाही. २००३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एका पोलिसाच्या जॅकेटमधून अशी गोळी आरपार गेली जी त्या जॅकेटने अडवायला हवी होती. जॅकेट झायलॉन नावाच्या धाग्याचं होतं. नवं असताना उत्तम, पण ऊब आणि दमटपणाने तो धागा आतून कमकुवत होत होता. २००५ मध्ये एनआयजेने झायलॉनच्या जॅकेटांची मान्यता काढली. २००८ च्या मानकात त्यानंतर एक नवी परीक्षा आली: पॅनेल ६५ अंश तापमानात आणि ८० टक्के दमट हवेत दहा दिवस ड्रममध्ये घोळवायची, ७२,००० फेरे, आणि मग गोळी मारायची. धुण्याच्या मशीनमध्ये दहा दिवस कपडे टाकून बघा, म्हणजे कल्पना येईल.

तेव्हा तुमच्यासाठी मी काय घेईन? सॉफ्ट जॅकेट, थ्री-ए किंवा एचजी-२, आणि त्याच पॅनेलवर पात्याची किमान लेव्हल एक, टोकदार सळईच्या चाचणीसह. प्लेट नको. पोलादी प्लेटची जोडी सात-आठ किलोंना जाते आणि एप्रिलमध्ये नगर रोडला व्हॅनमध्ये बसलेला गार्ड ती पहिल्या आठवड्यातच काढून सीटवर ठेवेल, मग लेव्हल कितीही असो. पुढे कधी प्लेट घ्यावीच लागली तर लेबलवर "स्टँडअलोन" की "आयसीडब्ल्यू" ते बघा. पहिली एकटीने गोळी अडवते. दुसरी आत ठरावीक सॉफ्ट पॅनेल असेल तरच अडवते आणि तशीच तपासलेली असते. आयसीडब्ल्यू प्लेट साध्या कापडी कव्हरमध्ये घालून विकलेली मी पुण्यातच पाहिली आहे.

"एनआयजे टेस्टेड" आणि "एनआयजे सर्टिफाइड" यांतला फरकही विचारून घ्या. टेस्टेड म्हणजे कुणीतरी, कुठेतरी, त्या मानकाप्रमाणे गोळी मारून पाहिली. सर्टिफाइड मॉडेल एनआयजेच्या जाहीर यादीत असतं आणि ती यादी कुणालाही बघता येते. लेबलवरचा मॉडेल क्रमांक अक्षर न् अक्षर तिथे सापडला पाहिजे. सहाही जॅकेटांची पॅनेल दुकानातच कव्हरमधून बाहेर काढायला लावा, कारण लेबल कव्हरवर नाही, पॅनेलवर बघायचं असतं: मॉडेल, लेव्हल, लॉट, उत्पादनाची तारीख, आणि अंगाकडची बाजू कोणती. कव्हर धुताना पॅनेल उलटी बसवली जातात. तुमच्या सुपरवायझरला ती बाजू मार्करने लिहून ठेवायला सांगा.